उसळ तोंडी लावायला नाही, पोटभर खायला

"मॅडम, भात सोडलाय, दोनच पोळ्या खाते तरी वजन वाढतंय, पाळी तीन-तीन महिने येत नाही. पनीर, बदाम, ओट्स मला परवडत नाहीत. पीसीओएसमध्ये खायचं तरी काय?"

दर आठवड्याला एक तरी मुलगी माझ्यासमोर बसून हेच विचारते, म्हणून त्यातल्या एकीचं सांगते. वय २७, चिंचवडला सासरी राहणारी, अकाउंट्सची नोकरी, वजन ६८ किलो, मानेवर काळसर मखमली पट्टा. तो पट्टा दिसला की माझं लक्ष आधी इन्सुलिनकडे जातं. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही म्हणून ते जास्त तयार होतं आणि ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं, मग पाळी लांबते; पीसीओएसमध्ये बहुतेकदा हेच चालू असतं. म्हणून मी वजनाच्या आधी साखरेचे चढउतार बघते.

पहिल्या दोन भेटीत मी फक्त ऐकलं. सकाळी चहा-बिस्किटं, डब्यात दोन पोळ्या नि बटाट्याची भाजी, दुपारी डेस्कवर डुलकी, पाचला परत चहा-खारी. मी विचारलं, उसळ होते का घरी? म्हणाली, "रोज होते की, मटकी नाहीतर चवळी." किती घेतेस? तिने चमचा दाखवला. "एवढी, तोंडी लावायला."

मला तिथेच सापडलं. घरात प्रोटीन रोज शिजत होतं, विकत काही आणायचंच नव्हतं, फक्त ते तोंडी लावण्याच्या जागेवर होतं आणि पोळी पोट भरण्याच्या. मी म्हटलं, आता उलटं कर, उसळ पोटभर खा आणि भाकरी तोंडी लाव. ती गप्प झाली, मग म्हणाली, "म्हणजे मी कमी नाही, उलटं खात होते?" खरं सांगते, इतकी वर्षं काम करतेय पण असं वाक्य समोरच्याच्या तोंडून आलं की मला अजूनही फार बरं वाटतं, कारण पुढचं मग पाठ करून घ्यावं लागत नाही.

मग दिवस असा बसवला. चहा रिकाम्या पोटी नाही, नाश्त्यानंतर, अर्धा चमचा साखर. नाश्त्याला भिजवलेल्या हिरव्या मुगाची दोन धिरडी, किंवा पोहेच करायचे तर पोहे निम्मे आणि मोडाची मटकी, शेंगदाणे निम्मे. डब्यात दीड वाटी घट्ट उसळ, पालेभाजी, काकडी, एक ज्वारीची भाकरी, ताक. आधी काकडी-भाजी-उसळ, भाकरी शेवटी, म्हणजे साखर हळू चढते. पाचला मूठभर फुटाणे. रात्री आठच्या आत घट्ट वरण, भाजी, एक भाकरी. आठवड्यातून दोनदा सोयाबीन वडी, ३० ग्रॅम कोरड्या वडीत साधारण १५ ग्रॅम प्रोटीन असतं, ग्लासभर दुधाच्या दुप्पट आणि त्या मानाने खूप स्वस्त. आणि ज्वारी म्हणजे औषध नाही हं, तीन भाकऱ्या खाल्ल्या तर त्यानेही साखर चढतेच. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं.

पहिल्या आठवड्यात गॅस झाला नि तिचा फोन आला, उसळ बंद करू का? बंद नाही करायची, अर्ध्या वाटीपासून सुरू करायचं, रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यायचं, फोडणीत हिंग आणि आलं. दहाव्या दिवशी दुपारची डुलकी गेली, वजन तेवढंच होतं तरी मी तिला सांगितलं की गाडी बरोबर चाललीये.

मग पाचव्या आठवड्यात वजन अडलं. शोधलं तर गुरुवारचा उपवास, दोन्ही वेळ साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. उपवास मोडायचा नव्हता आणि मलाही मोडायला लावायचा नव्हता, म्हणून शेंगदाण्याची आमटी वाटीभर नि त्यात थोडीशीच भगर, दुसऱ्या वेळी राजगिऱ्याचं थालीपीठ, दही, काकडी.

तीन महिन्यांत ६८ चं साडेचौसष्ट झालं, म्हणजे साधारण पाच टक्के, आणि बऱ्याच जणींची पाळी एवढ्यानेही मार्गाला लागते. तिची आधी ४७ दिवसांनी आली, मग ३८. सगळ्यांचं असंच होईल असं नाही. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरकडे जायचंच, थायरॉईडही तपासून घ्यायचं. शरीराने इन्सुलिनला नीट दाद द्यावी म्हणून देतात ती मेटफॉर्मिनची गोळी तिला चालू होती, ती मी बंद करायला सांगितली नाही, पण त्या गोळीने बी१२ कमी होऊ शकतं आणि आपण शाकाहारी, म्हणून तपासायला पाठवलं. कमीच निघालं.

परवा आली तेव्हा म्हणाली, सासूबाई आता उसळ वाढायला डाव घेतात.