३१ तारखेला घेतलेलं सबस्क्रिप्शन २८ तारखेवर कसं सरकलं?

"वकीलसाहेब, रावेरला माझा केळीचा छोटा व्यापार आहे. यंदा ३१ जानेवारीला बिलं बनवायचं सॉफ्टवेअर घेतलं, महिना ९९९ रुपये, ऑटोपे लावलेलं. फेब्रुवारीत २८ ला पैसे कटले, ठीक. पण मार्चमध्ये पण २८ ला, एप्रिलमध्ये पण २८ ला. मी २९ एप्रिलला बंद करायला गेलो तर म्हणे नवीन महिना सुरू झाला, पैसे परत नाही. माझा महिना ३० ला संपतो ना?"

भाऊ, माझ्या मते तुमचं बरोबर आहे, फक्त तुमच्या अटींमध्ये नेमकं काय लिहिलंय ते आधी उघडून बघा, कारण सगळं तिथेच ठरतं.

मासिक वसुलीच्या दोन पद्धती असतात. एकात सगळ्यांचं बिल १ तारखेला निघतं आणि मधेच आलेल्याला पहिल्या महिन्याचे उरलेल्या दिवसांपुरते पैसे लागतात, म्हणजे तुमच्याकडून ३१ जानेवारीचे एका दिवसाचे साधारण ३२ रुपये घेतले असते. दुसरीत तुम्ही ज्या तारखेला घेतलं तीच तुमची तारीख. तुमची ही दुसरी पद्धत. यात ३१ तारीख दर महिन्यात येत नाही म्हणून त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरतात, पण मूळ तारीख ३१ च राहते, म्हणजे २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल, ३१ मे असं चालायला पाहिजे. तुमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर बहुतेक मागच्या बिलाच्या तारखेत एक महिना मिळवतं, मूळ तारखेत नाही, म्हणून एकदा २८ वर आलं की ते २८ लाच अडकलं.

यात दिवसांचं नुकसान दर महिन्याला होत नाही. तारीख एकदाच सरकली, त्यात जास्तीत जास्त ३ दिवस गेले, म्हणजे १०० रुपयांच्या आसपास. तुमचं खरं नुकसान २८ एप्रिलच्या ९९९ चं आहे, कारण पुढचं बिल ३० ला निघायला हवं होतं, म्हणजे महिना २९ पर्यंत होता आणि तुम्ही २९ लाच बंद करायला गेलात, म्हणजे वेळेत गेलात. मागणी त्याचीच करा.

कायद्यात महिना म्हणजे ३० दिवस नाही. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये महिना कॅलेंडरप्रमाणे मोजायचा असं आहे आणि सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये हिमाचल टेक्नो इंजिनिअर्सच्या केसमध्ये सांगितलं की तीन महिने म्हणजे ९० दिवस नाही, त्या महिन्यातली तीच तारीख बघायची, आणि ती तारीखच नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस. ही केस मुदत मोजण्याची होती, ऑनलाइन बिलाची नाही, म्हणून ती थेट लागू आहे असं मी म्हणणार नाही, पण 'दर महिन्याला' एवढंच लिहिलं असेल तर त्याचा अर्थ लावायला चांगला आधार आहे. उलट 'तारीख एकदा सरकली की तीच कायम राहील' असं अटींमध्ये स्पष्ट असेल तर तुमची बाजू कमजोर होते.

आता पुरावा. फेब्रुवारीची पावती काढा आणि तिच्यावर सेवेचा कालावधी बघा. 'ते ३० मार्च' असेल तर २८, २९, ३० मार्चचे पैसे दोनदा घेतले हे त्यांच्याच कागदावरून दिसतं. 'ते २७ मार्च' असेल तर भांडण अटींच्या अर्थाचं राहील. मग २७ एप्रिलच्या आसपासचे मेसेज बघा, ऑटोपेने पैसे कटायच्या २४ तास आधी कळवायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मेसेज आला असेल तर कंपनी म्हणेल तुम्हाला सांगितलं होतं, पण मेसेजने करार बदलत नाही. आलाच नसेल तर बँकेकडे वेगळी तक्रार करा. आणि ऑटोपे बंद केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं समजू नका, आमच्याकडे असे लोक येतात ज्यांनी फक्त ऑटोपे बंद केलं आणि कंपनी थकबाकी दाखवत राहिली. दोन्ही वेगवेगळं बंद करा आणि स्क्रीनशॉट ठेवा.

कंपनीला ईमेल टाका, त्यात चारही वसुलीच्या तारखा एकाखाली एक, त्यांच्या शेजारी बरोबर तारीख कोणती होती ते, आणि १५ दिवसांत ९९९ परत करा एवढंच. नाही ऐकलं तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन, आणि शेवटी जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही रावेरला राहता म्हणून तिथे दाखल करता येतं, कंपनी बंगळुरूची असली तरी, ५ लाखांपर्यंत फी नाही आणि मुदत २ वर्षं.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. धंद्यासाठी घेतलेली सेवा असली की समोरचा म्हणतो तुम्ही ग्राहकच नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठीचा धंदा असेल तर कायदा तुम्हाला ग्राहक मानतो, म्हणून तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा की व्यापार तुम्ही स्वतः करता, बिलं तुम्हीच बनवता आणि घर यावरच चालतं.