टाकी सफाईच्या नोटिशीत नळाला पाणी येण्याची वेळ लिहा

प्रश्न: सोसायटीच्या पाण्याच्या टाक्या साफ करायच्या आहेत. पाणी बंदची नोटीस मला लिहायची आहे. वेळ किती लिहू आणि सूचना काय देऊ?

सफाई किती वाजता संपते याच्याशी अंगाला साबण लावून उभ्या असलेल्या माणसाला काही देणंघेणं नसतं. त्याला नळ कधी सुरू होणार ते हवं असतं. हे शहाणपण मला फार उशिरा आलं.

कमिटीत असताना पहिली नोटीस मीच लिहिली होती. ‘टाकी सफाईसाठी रविवारी सकाळी १० ते दुपारी २ पाणी बंद राहील, सहकार्य करावे.’ झालं. टाकी रिकामी करायला सोपं जावं म्हणून आदल्या रात्री पंप लावला नव्हता. त्यात नोटीस वाचून सकाळी घराघरांत बादल्या, पिंपं, पातेली भरली गेली आणि गच्चीवरची टाकी साडेआठलाच तळाला गेली. म्हणजे नोटिशीतले १० सुरुवातीलाच खोटे पडले.

सफाईवाले मात्र दीडलाच आवरून मोकळे. आमचे खजिनदार खूश! पण आम्ही खालची आणि वरची, दोन्ही टाक्या एकाच दिवशी उपसल्या होत्या आणि नगरपालिकेचं पाणी यायचं संध्याकाळी ५ ला. खाली थेंब नाही तर पंप काय उचलणार? ५ ला पाणी आलं, पंप लावण्याइतकी पातळी व्हायला पाऊण तास गेला, वर थोडंफार साठलं आणि साडेसहाला वॉल्व्ह उघडला. चौथ्या मजल्यावरच्या एका घरात दुपारी ‘आलं का पाणी’ म्हणून उघडून पाहिलेला नळ तसाच राहिला होता आणि माणसं लग्नाला गेली होती. बेसिनच्या जाळीत भाजीची सालं. तिसऱ्या मजल्याच्या छताला ओल आली. भांडण माझ्या दारात आलं, खजिनदारांच्या नाही.

पुढच्या वेळी मी आधी हिशेब मांडला. ४० घरं, घरी सरासरी ४ माणसं, माणशी रोजचं १३५ लिटर धरलं तर दिवसाला साधारण २१,६०० लिटर. वरची टाकी ३०,००० लिटरची. म्हणजे ती काठोकाठ भरून ठेवली तर खालची टाकी दिवसभर रिकामी राहिली तरी नळ चालू राहतात. म्हणून शनिवारी फक्त खालची धुतली, पाणी बंद नाहीच. संध्याकाळी तिच्यात ताजं पाणी आलं. रविवारी वरची. तासाला १०,००० लिटर उचलणारा पंप ती ३ तासांत भरतो. सफाई १० ते १, भरणं १ ते ४. नोटिशीत लिहिलं सकाळी ९ ते संध्याकाळी ५. पाणी सव्वाचारला आलं आणि लोकांनी चक्क आभार मानले. टाकी तिसरा हिस्सा भरल्यावर वॉल्व्ह सोडायचा मोह होतो. सोडू नका. सगळे एकदम नळ उघडतात, टाकी भरायचं नाव घेत नाही आणि वरच्या मजल्यांच्या पाइपात हवा अडकते.

क्रमही हाच ठेवा. वरची आधी धुऊन तिच्यात खालच्या घाण टाकीचं पाणी चढवलं तर सफाईला अर्थच राहत नाही.

सूचनांपैकी सर्वात वर ‘सर्व नळ बंद असल्याची खात्री करूनच घराबाहेर पडा’ हे लिहा, ठळक. त्याखाली गीझरचं बटण बंद ठेवणं, कारण पाणी उतरलेल्या गीझरची कॉइल जळते. प्युरिफायर आणि वॉशिंग मशीनचे कॉक बंद. पाणी आल्यावर सुरुवातीला ते गढूळ, फसफसत येतं, तेव्हा आधी बाथरूमचा खालचा नळ सोडा, स्वच्छ पाणी आलं की मग स्वयंपाकघरातला. धार बारीक झाली असेल तर नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा, प्लंबर नको.

‘एवढी लांब नोटीस कोण वाचतं?’ असं आमचे खजिनदार अजूनही म्हणतात. चार ओळींच्या नोटिशीनं छताचा रंग कुणाच्या खर्चानं झाला, हे त्यांना विचारा.

हो, तुमच्या टाकीला मधे भिंत घालून दोन कप्पे असतील तर वरचं बरंच काही लागू नाही. एकेक कप्पा धुवा, पाणी बंद करायची वेळच येणार नाही. आणि तुमच्याकडे पाणी सकाळी येत असेल तर माझ्या वेळा जशाच्या तशा उचलू नका. आणखी एक, नोटिशीतलं नाही पण सांगतो. खालच्या टाकीत माणूस उतरण्याआधी झाकणं बराच वेळ उघडी ठेवा, पंपाचा मेन स्विच पाडा आणि तोंडाशी दुसरा माणूस उभा करा. बंद टाकीत हवा कमी असते, त्यात ब्लीचिंगचा वास कोंडतो. आमच्याकडे त्या शनिवारी स्विचपाशी मी स्वतः खुर्ची टाकून बसलो होतो.