घड्याळातला वादळाचा अलर्ट पहाटे गप्प का बसतो

प्रश्न: मी छोटी होडी घेऊन पहाटे मासेमारीला जातो. घड्याळात सूर्योदय-सूर्यास्त आणि हवामानाचे अलर्ट येतात, ते भरवशाचे असतात का? साधं प्रेशरवालं घड्याळ पुरेल की फोनला जोडायचं स्मार्टवॉच घ्यावं?

सूर्योदय-सूर्यास्तावर डोळे झाकून विश्वास ठेवा, वादळाच्या अलर्टवर अजिबात नको. निदान तो वाजला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं तर कधीच समजू नका. आमच्या घरात या एका वाक्यावरून माझं आणि दाजींचं अजून वाजतं, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

सूर्योदयाचं आधी उरकतो. ती वेळ घड्याळ कुठून मागवत नाही, तारीख आणि तुमचं ठिकाण घेऊन स्वतःच गणित करतं, त्यामुळे रेंज असो नसो, येते. ठिकाण जुनं असलं तरी फार बिघडत नाही, रेखांश एक अंश सरकला की चार मिनिटांचा फरक पडतो आणि एक अंश म्हणजे विषुववृत्ताकडच्या भागात शंभर किलोमीटरहून जास्त. लोक उगाच मिनिटामिनिटावरून भांडतात. खरी गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे सूर्योदय ही उजेडाची वेळ नाहीच, ती सूर्याची वरची कड क्षितिजावर दिसण्याची वेळ आहे. बोया दिसायला, दोर सोडवायला पुरेल इतका उजेड त्याच्या आधीच होतो, सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर आला की. उष्ण भागात हे सूर्योदयाच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी होतं, उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे लांब गेलात तर बरंच आधी. घड्याळात याला सिव्हिल ट्वायलाइट किंवा डॉन म्हणतात. अलर्ट त्यावर लावा, आणि ती सोय नसेल तर सूर्योदयाच्या पंचवीस मिनिटं आधीचा गजर लावा, झालं काम. संध्याकाळी मात्र उलटा हिशोब, सूर्यास्ताच्या वेळेला किनारा गाठलेला असायला हवा, नंतरची वीस मिनिटं राखीव, कारण आभाळ भरलेलं असलं की अंधार आधीच दाटतो आणि घड्याळाला ढगांचं काही कळत नाही.

आता वादळाचा अलर्ट. तुम्हाला माहीत असेलच की घड्याळात दोन वेगवेगळे अलर्ट असतात. एक फोनवरून येणारा, दुसरा घड्याळाच्या स्वतःच्या प्रेशर सेन्सरवरचा. दुसऱ्याचा नियम साधा असतो, बऱ्याच घड्याळांत तीन तासांत दाब ४ hPa उतरला की वाजायचं. (मिलिबार म्हणा, तेच.) नियम चांगला आहे, पण जिथे रोजच्या रोज दाब फारसा हलत नाही तिथे. उष्ण भागात तो रोज हलतो, हवा कितीही चांगली असली तरी. सूर्याच्या उष्णतेने अख्खं वातावरण दिवसातून दोनदा भरती-ओहोटीसारखं वर-खाली होतं, सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास दाब सगळ्यात जास्त, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास सगळ्यात कमी. फरक दोन-तीन hPa चा.

म्हणजे बघा, पहाटे चार ते सकाळी दहा, नेमकी आपली कामाची वेळ, दाब आपोआप चढत असतो. खरंच वादळ जवळ येत असेल तर त्याचं उतरणं या चढणीत झाकलं जातं. घड्याळाला वजाबाकी झालेला आकडा दिसतो आणि ते गप्प बसतं. दुपारी बरोब्बर उलटं, रोजचं उतरणं त्यात मिळतं आणि जरा काही झालं की घड्याळ बोंबलतं. पहाटे जाणाऱ्या माणसासाठी हा अलर्ट नेमका चुकीच्या वेळी बहिरा असतो. हे कुठल्या कंपनीचं पाप नाही, नियमच तसा आहे.

आमचं भांडण यावरूनच. दाजींनी माझ्यानंतर घड्याळ घेतलं, माझ्यापेक्षा महाग, आणि तेव्हापासून त्यांचं एकच, "वाजेल ना, वाजलं की निघू." एकदा आम्ही संध्याकाळी जाळी टाकून रात्र बाहेर काढली होती. पहाटे चारला माझ्या घड्याळात १००६, आदल्या दिवशी त्याच वेळेला १००८ होता. दोनचा फरक, म्हटलं बघू. सातला रोजच्यासारखा दीड-एक वर जायला हवा होता, तर १००५. आता घड्याळाच्या हिशोबाने तीन तासांत एकच उतरला, त्याला काय पडलंय वाजायचं. पण माझ्या हिशोबाने एक उतरला आणि जो दीड चढायला हवा होता तो चढलाच नाही, म्हणजे खरी घसरण अडीचची. आणि आदल्या दिवशी सातला १००९ होता, म्हणजे चोवीस तासांत चार खाली. वारा फारसा नव्हता, पण लांब अंतराच्या, संथ, मोठ्या लाटा यायला लागल्या होत्या, त्या जवळच्या वाऱ्याच्या नसतात हे होडीतल्या पोरालाही कळतं.

मी म्हटलं, "दाजी, वळवू या." तर म्हणे, "तुझं घड्याळ स्वस्तातलं, माझं बघ, शांत आहे." म्हटलं, "दाजी, माझंही शांतच आहे, मी अलर्ट नाही आलेख बघतोय." जाळं अर्धं ओढून झालं होतं, दाजी बहिणीचे मालक, त्यांच्यापुढे आवाज तरी किती चढवणार, पण इंजिन माझ्या हातात होतं. उरलेलं जाळं भराभर ओढलं आणि वळलो. अख्ख्या वाटेत दाजींचं तोंड दुसरीकडे.

किनाऱ्याच्या जवळ आल्यावर दाजींचा फोन रेंजमध्ये आला आणि त्यांचं मनगट थरथरायला लागलं, एकामागून एक. मच्छीमारांसाठीचा अधिकृत इशारा आदल्या रात्रीच निघाला होता! फोनला टॉवर नाही तर घड्याळाला काय कळणार, स्मार्टवॉच म्हणजे फोनचा आरसा आहे, फोनला जे दिसत नाही ते त्यालाही दिसत नाही. सिमवालं घ्या, तरी टॉवर तोच. वर त्याच्या स्क्रीनवर आदल्या संध्याकाळचा सूर्य आणि ढगाचं चित्र तसंच्या तसं होतं, खाली बारीक अक्षरात कधी अपडेट झालं ते लिहिलेलं असतं, ते कोण वाचतं.

आणि दाजींचा प्रेशर अलर्ट? तो वाजला दुपारी साडेबाराच्या पुढे, होडी वर ओढून बांधून झाल्यावर, वारा सुटलेला, लाटा फुटत होत्या. दहानंतर रोजचं उतरणं सुरू झालं, त्यात वादळाचं मिळालं आणि चारचा आकडा एकदाचा पुरा झाला. तर दाजी काय म्हणावेत, "बघ, वाजलं की नाही!" आजतागायत हा माणूस पाहुण्यांना सांगतो की घड्याळाने बरोबर अलर्ट दिला होता.

तर तुम्ही काय करायचं. अलर्ट चालू ठेवा, पण भिस्त आलेखावर. निघायच्या आधी आत्ताचा आकडा काल याच वेळी काय होता त्याच्याशी ताडून बघा, रोजचा चढउतार दोन्हीकडे सारखाच असतो त्यामुळे तो आपोआप कटतो. उष्ण भागातल्या समुद्रासाठी जहाजवाल्यांचा जुना नियम आहे, रोजचा चढउतार वगळून दाब त्या महिन्याच्या सरासरीपेक्षा ३ ने खाली गेला तर वादळाचा संशय घ्यायचा, ५ ने गेला तर ते जवळपास आहे असंच धरायचं. सरासरी माहीत नसेल तर कालची तुलना तरी करा, दोन दिवस सलग हळूहळू उतरत असेल तर तेही त्यातच दिसतं. म्हणून घड्याळ घेताना एकच बघा, निदान चोवीस तासांचा, जमलं तर अठ्ठेचाळीस तासांचा दाबाचा आलेख दिसतो का. नुसता ढगाचा नाहीतर सूर्याचा आयकॉन दाखवणारं घेऊ नका.

अलर्टचा आकडा कमी करून दोनवर आणू का, असं विचाराल. आणा, मग रोज दुपारी वाजेल, आठवड्याभरात तुम्हीच बंद कराल.

एक सेटिंग मात्र नक्की बघा. उंची आणि हवामान दोन्ही एकाच सेन्सरवर चालतं. घड्याळ उंचीच्या मोडमध्ये असेल तर दाब उतरला की त्याला वाटतं तुम्ही चढ चढलात, १ hPa म्हणजे साधारण आठ मीटर. होडीत बसलेल्या माणसाला वीस मीटर उंची दाखवत असेल तर तो विनोद नाही, दाब अडीचने पडलाय. पाण्यावर असताना बॅरोमीटर मोडला लॉक करून टाका, ऑटोवर ठेवू नका. डोंगरातल्या शेतावर जाणाऱ्याला उलटा त्रास, तीस-पस्तीस मीटर चढलं की चारचा अलर्ट फुकटात वाजू शकतो. सेन्सरचं बारीक भोक मिठाने बुजतं, परत आलात की गोड्या पाण्याखाली धरा. आकडा तासन् तास जागचा हलला नाही तर भोक बुजलंय का बघा, उष्ण भागात दाब इतका स्थिर सहसा नसतो.

हे सगळं मोठ्या, सावकाश येणाऱ्या वादळाबद्दल. गडगडाटी ढग यात सापडत नाही, तो अर्ध्या-एक तासात उभा राहतो आणि दाबाचा आकडा हलतो तेव्हा वारा अंगावर आलेला असतो. त्याला डोळे आणि कान. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंद किंवा कमी, म्हणजे तो दहा किलोमीटरच्या आत आहे, निघा. आणि तुम्ही थंड प्रदेशात असाल तर माझं पहाटेचं गणित बरंच सैल पडतं, तिथे रोजचा चढउतार अगदी थोडा असतो, चारचा अलर्ट ठीक काम करतो.

स्मार्टवॉच की साधं, हे राहिलंच. आलेख असेल तर कुठलंही चालेल, बॅटरी रात्रभर टिकली म्हणजे झालं. इशारा किनाऱ्यावर रेंज असतानाच वाचून निघा आणि रात्र बाहेर काढणार असाल तर होडीत व्हीएचएफ रेडिओ ठेवा, पैसे उरत असतील तर त्यात घाला. दाजींनी त्याच पैशांत आता आणखी वरचं मॉडेल घेतलंय, पाहुण्यांना दाखवतात, व्हीएचएफ अजून माझाच वापरतात.