सत्ताविभाजन आणि न्यायालयीन पुनर्विलोकन: माझे मार्क कुठे गेले

प्रश्न: एलएलबी दुसरं वर्ष. घटनेच्या पेपरात सत्ताविभाजन आणि न्यायालयीन पुनर्विलोकनावर १६ मार्कांचा प्रश्न होता. मॉन्टेस्क्यूपासून केशवानंदपर्यंत सगळं लिहिलं, सहा पानं भरली आणि मार्क पडले सहा. नक्की काय चुकतंय? हे दोन्ही एकत्र मांडायचं कसं?

उत्तर:

सहा पानं आणि सहा मार्क हे वाचून माझीच जुनी उत्तरपत्रिका डोळ्यासमोर आली. मला तर पाचच पडले होते. आता बरीच वर्षं वकिली करतोय, पण प्राध्यापक नाही की पेपर तपासनीस नाही. तुमच्या विद्यापीठाची तपासण्याची तऱ्हा वेगळी असू शकते, तेव्हा हे एका पोळलेल्या माणसाचं मत समजून वाचा. व्याख्या, मार्बरी, अनुच्छेद १३, ३२, २२६ हे तुम्हाला येतंच असणार, त्यात शिरत नाही.

माझ्या पेपरात प्रश्न प्रसंग देऊन विचारला होता. राज्याने कारखान्यांवर एक कर बसवला, हायकोर्टाने तो मूळ कायद्यात बसत नाही म्हणून रद्द केला. वर्षभराने विधिमंडळाने पूर्वलक्षी कायदा केला आणि त्यात लिहिलं की कोणत्याही न्यायालयाचा निर्णय काहीही असला तरी ती वसुली वैध समजावी. या कायद्याची वैधता तपासा. मी पहिली अडीच पानं मॉन्टेस्क्यू आणि अमेरिका यांना वाहिली, पुढची दोन अनुच्छेदांच्या यादीला, आणि शेवटी घाईघाईत एका ओळीत निकाल लावला: 'विधिमंडळाला न्यायालयाचा निर्णय रद्द करता येत नाही, म्हणून हा कायदा घटनाबाह्य आहे.'

हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि सगळे मार्क उरलेल्या अर्ध्यात होते. विधिमंडळाला निर्णय फिरवता येत नाही हे बरोबर. पण तो निर्णय ज्या कायद्याच्या पायावर उभा असतो, तो पाया विधिमंडळाला बदलता येतो, अगदी मागच्या तारखेपासूनही. मग परीक्षा एवढीच उरते: हा बदललेला कायदा तेव्हाच अस्तित्वात असता, तर न्यायालयाने तोच निर्णय दिला असता का? नसता दिला, तर विधिमंडळाने आपलं काम केलं. तरीही दिला असता, तर विधिमंडळ न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसलं. ही कसोटी श्री पृथ्वी कॉटन मिल्स विरुद्ध ब्रोच बरो म्युनिसिपालिटी या १९६९ च्या निकालातली आहे, सरन्यायाधीश हिदायतुल्लांची. माझा प्रश्न जवळजवळ त्याच खटल्यावरून उचललेला होता आणि मी त्याचं नावसुद्धा लिहिलं नव्हतं.

त्या खटल्यात काय झालं ते नीट बघा, कारण नुसतं नाव टाकून काही मिळत नाही. भरूचच्या नगरपालिकेने कारखान्यांच्या जमिनी-इमारतींवर 'रेट' बसवला, पण तो भांडवली किमतीवर मोजला. सर्वोच्च न्यायालयाने आधीच एका प्रकरणात सांगितलं होतं की 'रेट' या शब्दाला कायद्यात ठरलेला अर्थ आहे. जागा भाड्याने दिली तर वर्षाला किती येतील, त्यावर तो मोजायचा. म्हणजे दोष कुठे होता? नगरपालिकेला मूळ कायद्याने जेवढा अधिकार दिला होता, त्याच्या बाहेर ती गेली होती. गुजरात विधिमंडळाने १९६३ मध्ये वैधीकरणाचा कायदा करून भांडवली किमतीवरची ती आकारणी वैध ठरवली. जमीन आणि इमारतींवर कर बसवण्याचा अधिकार राज्यसूचीतल्या नोंद ४९ खाली राज्याला होताच, त्यामुळे जो अधिकार नगरपालिकेकडे नव्हता तो विधिमंडळ मागच्या तारखेपासून देऊ शकत होतं. दोष काढला गेला, कायदा टिकला.

इथे एक सापळा आहे, ज्यात मी पडलो. 'न्यायालयाचा निर्णय काहीही असला तरी' हे शब्द दिसले की आपल्याला वाटतं, हा घ्या सत्ताविभाजनाचा भंग. पण असे शब्द बहुतेक वैधीकरण कायद्यांत असतातच. त्या शब्दांमुळे कायदा पडत नाही आणि त्या शब्दांच्या जोरावर तो टिकतही नाही. त्यांच्या मागे कायद्यात खरा बदल झालाय का, हे शोधायचं असतं.

आता याच्या उलट बाजूचं प्रकरण: मुल्लपेरियार. धरण केरळात, चालवतं तमिळनाडू. पाणी १३६ फुटांवरून १४२ फुटांपर्यंत वाढवू द्यायचं का, यावर वाद होता. तज्ज्ञांचे अहवाल पाहून सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये धरण सुरक्षित असल्याचं मानलं आणि १४२ फुटांना परवानगी दिली. मार्चमध्ये केरळ विधिमंडळाने आपल्या सिंचनाच्या कायद्यात दुरुस्ती केली, धोक्यातल्या धरणांच्या अनुसूचीत मुल्लपेरियार घातलं आणि पातळी १३६ फूट अशी कायद्यातच लिहून टाकली. तमिळनाडूने अनुच्छेद १३१ खाली दावा लावला आणि ७ मे २०१४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती दुरुस्ती मुल्लपेरियार धरणाच्या बाबतीत घटनाबाह्य ठरवली.

कसोटी लावून बघा. २००६ चा निर्णय एखाद्या शब्दाच्या अर्थावर किंवा अपुऱ्या अधिकारावर उभा नव्हता. धरण सुरक्षित आहे या वस्तुस्थितीवर, पुरावा तपासून, दोन पक्षकारांमध्ये झालेला तो निवाडा होता. विधिमंडळाने कायद्यातली कुठलीच त्रुटी दूर केली नाही, फक्त 'सुरक्षित'च्या जागी 'असुरक्षित' लिहिलं. तेही वादातल्या एका पक्षाच्याच विधिमंडळाने. पाणी हा राज्याचा विषय आहे, लोकांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, हे केरळचे मुद्दे हलके नव्हते. पण विषय आपल्या सूचीत असणं आणि निकाली निघालेला वाद पुन्हा आपणच निकाली काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे दोन खटले शेजारी ठेवले की तुमच्या 'एकत्र मांडायचं कसं' याचं उत्तर आपोआप मिळतं. सत्ताविभाजन विधिमंडळाला सांगतं की कायदा कर, निवाडा करू नकोस. विधिमंडळाने नक्की काय केलं हे तपासायचं काम न्यायालय पुनर्विलोकनात करतं. दोन निबंध शिवून एक उत्तर होत नाही.

आता माझ्या मनातली मळमळ. पाच मार्क पाहिल्यावर मी उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज केला. परीक्षा विभागातल्या एका खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने सांगितलं की चलन जुन्या नमुन्यात आहे, नवं भरा. नवं भरलं तर अर्जावर आवक क्रमांक नाही म्हणून तो 'मिळालाच नाही'. प्रत हातात पडली तेव्हा पुनर्मूल्यांकनाची मुदत संपून चार दिवस झाले होते, आणि तो उशीर आमचा नाही हेही मलाच लेखी द्यायला सांगितलं! वर्ष गेलं. तेव्हा पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद सोडू नका, आणि छायाप्रतीची वाट न पाहता पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो का ते पहिल्याच दिवशी विचारा.

पण त्या प्रतीने एक उपकार केला. माझ्या त्या शेवटच्या ओळीखाली लाल पेनाने दोनच शब्द होते: 'आधार कोणता?' बाकी पाच पानांवर नुसती बरोबरची एकेक खूण. तपासणाऱ्याने मॉन्टेस्क्यू वाचलासुद्धा नसावा.

आधार म्हणजे काय, हे मला फार उशिरा कळलं. आपल्या घटनेत 'सत्ताविभाजन' असा अनुच्छेद नाही. संविधान सभेत के. टी. शहांनी तशी दुरुस्ती मांडली होती, ती नाकारली गेली. अनुच्छेद ५० फक्त न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करा म्हणतो, आणि तोही निदेशक तत्त्वांत बसलाय. मग तत्त्व मोडलं म्हणून कायदा रद्द करायचा तर कुठल्या अनुच्छेदावर? मुल्लपेरियारच्या निकालात याचं उत्तर आहे: न्यायिक सत्तेवरचं अतिक्रमण म्हणजे अनुच्छेद १४ मधल्या समानतेचा भंग, कारण कायद्याच्या राज्यात वाद स्वतंत्र न्यायालयाकडून सुटेल ही हमी सगळ्यांना सारखी आहे. हा दुवा लिहिलात तर लाल पेन पुढे सरकतो, असा माझा अंदाज.

मी आज तेच उत्तर लिहायला बसलो तर पहिला परिच्छेद साधारण असा असेल: 'भारतीय घटनेने सत्ताविभाजन पूर्ण काटेकोरपणे स्वीकारलेले नाही, मात्र तिन्ही अंगांची कामे पुरेशी वेगळी केली आहेत (राम जवाया कपूर, १९५५). त्यामुळे विधिमंडळ पूर्वलक्षी कायदा करू शकते, पण न्यायनिवाडा करू शकत नाही. प्रस्तुत कायद्याने मूळ दोष दूर केला आहे की केवळ निर्णय निष्प्रभ केला आहे, हा येथील प्रश्न आहे.' तीन वाक्यांत तत्त्व, मर्यादा आणि मुद्दा. त्यानंतर लगेच हायकोर्टाने कर का रद्द केला होता तिथे जायचं. कर बसवण्याचा अधिकारच राज्याकडे नव्हता, असं कारण असेल, तर वैधीकरण कायदाही त्याच खड्ड्यात पडणार. मूळ कायद्याची शब्दरचना अपुरी होती, असं असेल तर ती सुधारलीय का ते बघायचं. आणि सुधारली असली तरी थांबायचं नाही, कारण नवा कायदाही मूलभूत हक्कांच्या चाळणीतून जातोच.

प्रसंग न देता नुसतं 'चर्चा करा' म्हटलं असेल तरी मी हेच दोन खटले मध्यभागी ठेवीन. घटनादुरुस्तीबद्दल विचारलं तर मात्र अनुच्छेद १४ पुरत नाही, तिथे मूलभूत संरचना लागते. त्यासाठी केशवानंदपेक्षा १९७५ चा इंदिरा गांधी विरुद्ध राज नारायण खटला जास्त कामाचा, कारण ३९ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३२९-अ च्या खंड ४ मध्ये एका निवडणुकीचा निवाडाच करून टाकला होता. तो खंड रद्द झाला, निवडणूक मात्र बदललेल्या निवडणूक कायद्याच्या आधारे टिकली. म्हणजे एकाच निकालात दोन्ही बाजू सापडतात. हा शेवटचा भाग बहुतेकजण लिहीत नाहीत, आणि काहीजण तर निवडणूकही रद्द झाली असं ठोकून देतात.

तुमचा प्रश्न जसाच्या तसा आणि तुम्ही लिहिलेला पहिला परिच्छेद इथे टाकलात तर रविवारी सवडीने बघतो.