अंतिम मूल्यातील वाढीचा दर बदलण्यापूर्वी

कंपनीच्या मूल्यांकनाच्या तुमच्या गणितात अंतिम मूल्यासाठीचा, म्हणजे पाच वर्षांच्या अंदाजानंतरच्या सर्व रोख प्रवाहांच्या मूल्यासाठीचा, वाढीचा दर 5 वरून 6 टक्के केला आहे, पण पुनर्गुंतवणुकीनंतर उरणारा मुक्त रोख प्रवाह तसाच ठेवला आहे. नवशिक्यांची नेमकी हीच चूक माझ्या नेहमी पाहण्यात येते. समजा, सहाव्या वर्षीचा करोत्तर परिचालन नफा 150 कोटी, भांडवलावरील परतावा 15 टक्के आणि सवलत दर 12 टक्के आहे. 5 टक्के वाढीसाठी नफ्याचा 5/15 भाग, म्हणजे एक तृतीयांश किंवा 50 कोटी, पुन्हा गुंतवावे लागतात. उरलेल्या 100 कोटींना सवलत दर वजा वाढीचा दर, म्हणजे 7 टक्क्यांनी भागल्यास पाचव्या वर्षअखेरचे मूल्य सुमारे 1,429 कोटी येते. 6 टक्क्यांसाठी 60 कोटी गुंतवावे लागत असल्याने 90 कोटीच उरतात आणि मूल्य 1,500 कोटी होते, तुमच्या पद्धतीने येणारे 1,667 कोटी नव्हे. परतावा 12 टक्केच धरला, तर वाढीने मूल्य मुळीच बदलत नाही.