स्पॉलेशन म्हणजे झीज की पोपडे?

प्रश्न: "टर्बाइन ब्लेडवरच्या सिरॅमिक कोटिंगच्या स्पॉलेशनला मराठीत झीज म्हटलं तर चालेल का? आणि बाँड कोटच्या ऑक्सिडेशनला गंज?"

झीज नको. झीज वरून होते, हळूहळू, जसं गरम वायूतले कण आपटून सिरॅमिक पातळ होत जातं, त्याला इरोजन म्हणतात आणि तिथे झीज अगदी बरोबर बसतं. स्पॉलेशनमध्ये वरचा थर जाडीला शाबूत असतो, तो खालून सुटतो आणि तुकडा एकदम उडतो. म्हणून माझं मत पोपडे सुटणं. इकडे भोसरीत थर्मल स्प्रेची कामं करणारे तर सरळ 'कोटिंग उडालं' म्हणतात, तेही चांगलंय.

आता गंज. वरचा थर म्हणजे यट्रिया घातलेला झिर्कोनिया, त्यातून ऑक्सिजन आरामात आत जातो, त्याला अडवणं हे त्याचं कामच नाही. अडवतो तो सिरॅमिक आणि ब्लेडच्या धातूमधला धातूचा थर, म्हणजे बाँड कोट, त्यातलं अ‍ॅल्युमिनियम वर येऊन अ‍ॅल्युमिनाचा दाट पातळ थर बनवतं आणि तोच खालचा धातू वाचवतो. गंज म्हटलं की धातू खाल्ला जातोय असं वाटतं, इथे तर हा थर हवाच असतो! त्यामुळे ऑक्साइडचा थर असंच लिहा.

पण हाच थर वाढत वाढत काही मायक्रॉनचा झाला की पोपड्याचं कारण बनतो. समजा १० सेंटिमीटरचा भाग १००० अंशांनी थंड झाला, तर निकेलचा मिश्रधातू साधारण १.४ मिलिमीटर आकसतो आणि अ‍ॅल्युमिना मोकळा असता तर जेमतेम ०.८. चिकटलेला असल्याने त्याला धातूबरोबर आकसावंच लागतं, मग तो प्रचंड दाबाखाली येतो, जाड थरात ही साठलेली ताकद जास्त, आणि जिथे पकड ढिली तिथे तडा जाऊन तो वरच्या सिरॅमिकसकट फुगून सुटतो. म्हणून पोपडे बहुतेक वेळा तापताना नाही, थंड होताना सुटतात. कधीकधी तर भट्टीतून धडधाकट निघालेला नमुना टेबलावर ठेवल्यावर काही तासांनी आपोआप उडतो, हवेतला ओलावा तडा पुढे सरकवतो, आणि पाण्याचा थेंब टाकला तर लगेचच.

नुसतं 'पोपडा सुटला' लिहून थांबू नका, कुठून सुटला तेही लिहा. उघड्या जागेवर पांढरा पातळ थर उरला असेल तर तडा सिरॅमिकच्या आतूनच गेलाय, प्लाझ्मा स्प्रेच्या कोटिंगमध्ये हे नेहमी दिसतं. करडा ऑक्साइड किंवा चकचकीत धातू दिसला तर पकड ऑक्साइडपाशी सुटली, हे इलेक्ट्रॉन बीमने वाफ करून बसवलेल्या, खांबांसारख्या रचनेच्या कोटिंगमध्ये जास्त. भाषांतरात दोन्हीला 'सिरॅमिकमधून सुटलेला पोपडा' आणि 'ऑक्साइडपासून सुटलेला पोपडा' असं वेगळं लिहिलंत तर वाचणाऱ्या इंजिनिअरला नेमकं कळेल.