मुलगा वर्गात मारतो, हे आईला कसं कळवू?

प्रश्न : ज्युनिअर केजीला शिकवते. वर्गातल्या एका मुलाने दोन आठवड्यांत सहा वेळा इतर मुलांना मारलंय. त्याच्या आईला मेसेज लिहायला बसते आणि खोडते. खरं लिहिलं तर ती घाबरेल, गोड लिहिलं तर तिला कळणारच नाही. काय लिहू? (घोडबंदर रोड, ठाणे)

आधी वही काढा, फोन नंतर. सहा वेळा म्हणजे नेमकं कधी, कुठे, त्याच्या जरा आधी काय झालं आणि मारल्यावर काय झालं, एवढं प्रत्येक वेळेचं एकेका ओळीत लिहा. आठवत नसेल तर आजपासून लिहायला लागा आणि मेसेज चार दिवसांनी पाठवा. एक अपवाद : कुणाला ओरखडा आला, दात लागला, सूज आली, तर त्याच दिवशी दोन्ही घरी फोन झाला पाहिजे. तिथे वही भरायची वाट बघायची नसते.

नोंदी का, ते एका वर्गाच्या उदाहरणाने सांगते. मुलाला आरव म्हणू. नाव अर्थातच काल्पनिक. बाईंचं मत होतं की तो 'दिवसभर मारतच असतो'. वहीत सहा नोंदी झाल्या आणि त्यांतल्या पाच डबा खाल्ल्यानंतर हात धुवायच्या रांगेतल्या निघाल्या. बेसिन दोन, मुलं तीस, मागून रेटारेटी. कुणाचा धक्का लागला की आरव वळून हात उगारायचा. सहावी नोंद खेळणी आवरतानाची होती. गोष्टीच्या वेळी, चित्रं काढताना, मैदानावर एकदाही नाही. म्हणजे 'दिवसभर' गेलं आणि दहा मिनिटांची रांग उरली. रांगेचं काही करता येतं. आईला धीर मिळतो तो याच माहितीतून. 'काळजी करू नका' या शब्दांतून तो मिळत नाही, कारण काळजीचं काही नसतं तर बाईंनी मेसेज कशाला केला असता, हे तिलाही कळतं.

सहा नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही, हेही ध्यानात ठेवा. 'धक्का लागल्यावर होतं असं दिसतंय' इथपर्यंतच लिहायचं. 'गर्दी सहन होत नाही म्हणून मारतो' हा निष्कर्ष झाला, आणि तो उद्या चुकला तर आईचा तुमच्या पुढच्या वाक्यावरही विश्वास राहणार नाही.

त्या बाईंनी शेवटी पाठवलेला मेसेज असा होता :

'नमस्कार. मी आरवची वर्गशिक्षिका. ही गोष्ट तुम्हाला माझ्याकडूनच कळावी म्हणून लिहितेय. गेल्या दोन आठवड्यांत आरवने सहा वेळा वर्गातल्या मुलांना हाताने मारलं किंवा ढकललं. कुणाला जखम झालेली नाही. सहापैकी पाच वेळा हे डब्यानंतर हात धुवायच्या रांगेत, मागून धक्का लागल्यावर झालं असं दिसतंय. म्हणून सोमवारपासून मी त्याला रांगेत सगळ्यांत शेवटी, माझ्याजवळ उभं करते, म्हणजे मागे कुणी नसतं. "मला धक्का लागला" असं हात न उचलता सांगायचं, हे त्याच्याकडून रोज म्हणवून घेते. काल त्याने ते स्वतःहून म्हटलं. झालं त्याबद्दल शाळेत त्याच वेळी त्याच्याशी बोललेय, त्यामुळे घरी त्यासाठी वेगळी शिक्षा करू नका. मला तुमच्याकडून एक समजून घ्यायचंय : गेल्या महिनाभरात त्याची झोप, जेवण किंवा घरातली माणसं यांत काही बदल झालाय का? बुधवारी किंवा शुक्रवारी शाळा सुटल्यावर वीस मिनिटं भेटू या. येणं जमत नसेल तर फोनवर बोलू, तुमची वेळ कळवा.'

आता यात काय नाही ते बघा. 'मारकुटा', 'हट्टी', 'आक्रमक' यांतलं एकही विशेषण नाही. ज्यांना मार बसला त्यांची नावं नाहीत. 'तसा तो खूप गोड आहे' हे वाक्यही नाही, कारण पुढे वाईट काहीतरी येणार याची ती घंटा असते. कौतुक आहे, पण काल घडलेल्या एका गोष्टीचं. आणि शिक्षेबद्दलचं वाक्य आवर्जून आहे. ते लिहिलं नाही तर कितीतरी घरांत मेसेज वाचून होताच पहिला धपाटा बसतो आणि दुसऱ्या दिवशी मूल शाळेत आणखी चिडलेलं येतं. तुमच्या वर्गातल्या नोंदी वेगळ्या निघतील. मग उपायही वेगळा लिहा, हा मेसेज उचलून पाठवू नका.

कॅलेंडरमध्ये, म्हणजे शाळेच्या डायरीत, हे लिहू नका. डायरी व्हॅनवाले काका, शेजारच्या काकू, आजी असा प्रवास करत जाते. गेटवर तर मुळीच बोलू नका. तिथे दहा पालक कान देऊन उभे असतात. आई-बाबा दोघांना एकच मेसेज पाठवा, नाहीतर 'तुझ्या लाडामुळे' हा संवाद तिच्या एकटीच्या वाट्याला येतो. वेळही अशी निवडा की पुढचा तासभर तुम्ही तिचा फोन उचलू शकाल. 'आरवच्या वागण्याबद्दल बोलायचंय, उद्या भेटा' असा अर्धवट निरोप संध्याकाळी वाशी-ठाणे लोकलमध्ये उभ्या असलेल्या बाईला पाठवणं हा छळ आहे. ती रात्रभर काय काय कल्पना करेल!

दोन आठवड्यांनी त्याच मापात पुन्हा कळवा : आधी सहा वेळा झालं होतं, आता दोनदा. कमी झालं नसेल तर तेही आकड्यातच, आणि पुढे काय बदलून बघणार ते. पहिला मेसेज सगळ्याच शिक्षिका जीव ओतून लिहितात, हा दुसरा मात्र बहुतेक वेळा राहून जातो.

प्रश्न : मी सगळं नीट लिहिलं. आईचं उत्तर आलं, 'घरी तो असं कधीच करत नाही. तुमचंच लक्ष नसेल. सीसीटीव्ही दाखवा.' आता? (ऐरोली)

घरी करत नाही हे बहुधा खरंच असेल, तसं धरूनच चाला. घरी त्याच्या मागे रांगेत उभं राहणारं कुणी नाही, खेळणी वाटून घ्यायची नाहीत आणि एका मुलामागे दोन-तीन मोठी माणसं आहेत. तेव्हा 'असं कसं शक्य आहे' या वादात शिरू नका. तिचं वाक्य तुमच्या कामाचं आहे : 'घरी तो शांत असतो हे कळलं ते बरं झालं. म्हणजे हे वर्गातल्या काही ठरावीक वेळांपुरतं असावं. घरी त्याला राग आला की तुम्ही काय करता, ते सांगाल का? तेच शब्द मी इथे वापरून बघेन.' या उत्तराने तिची बाजूही राहते आणि तुमचा मुद्दाही सुटत नाही.

'लक्ष नसेल' या टोमण्यात तथ्य असेल तर ते मान्य करा. त्या दहा मिनिटांत मावशी डबे आवरत असतात आणि तीस मुलांपाशी तुम्ही एकट्या असता, हे खरं असेल तर तसं लिहा आणि त्या वेळेपुरती मावशींची जागा बदलून घेतलीय हेही लिहा. सीसीटीव्हीची क्लिप मात्र फोनवर पाठवायची नाही. तिच्यात इतरांची मुलं दिसतात. फुटेज दाखवायचं की नाही, हा निर्णय मुख्याध्यापकांचा. दाखवायचं ठरलंच तर शाळेत, त्यांच्यासमोर.

प्रश्न : पहिलीचा वर्ग आहे. मुलाच्या बाबांनी उलट सांगितलं, 'बाई, द्या दोन फटके, आमची परवानगी आहे.' हसून सोडून दिलं, पण बरोबर केलं का? (कळवा)

हसून सोडू नका, कारण पुढच्या वेळी ते हेच वर्गाच्या दारात मुलासमोर म्हणतील. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि पालकांच्या परवानगीने ती उठत नाही. पण बाबांना कलम ऐकवून बोलणं पुढे सरकत नाही. सरळ म्हणा, 'दादा, मारायचं नाही हे मी त्याला शिकवतेय. मीच मारलं तर तो माझं कसं ऐकेल?'

खरं लक्ष द्यायचं ते दुसरीकडे. फटक्यांची परवानगी इतक्या सहज देणारं घर स्वतः काय करतं, हे त्या वाक्यातून कळतं. तुमचा पुढचा प्रत्येक मेसेज त्या घरात कसा वाचला जाईल याचा विचार करून लिहा. अशा घरी लेखी काही पाठवण्याऐवजी समोर बसून बोललेलं बरं, आणि रोजच्या रोज तक्रार तर मुळीच नको. आठवड्यातून एकदा बोला, आणि त्यात निदान एक प्रसंग असा सांगा जिथे त्याने हात आवरला. मुलाच्या अंगावर वळ दिसले, किंवा तुमच्या निरोपानंतर तो घरी जायला घाबरतोय असं वाटलं, तर गोष्ट मेसेजच्या पलीकडे गेली. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तिथे शिक्षकही फोन करू शकतात.

प्रश्न : माझ्या वर्गातला साडेचार वर्षांचा एक मुलगा मारतो, आणि बोलतोही कमी. डॉक्टरांना दाखवा असं लिहू का? पालक दुखावतील. (नेरूळ)

आजाराचं नाव लिहू नका, तुम्हाला दिसलं ते लिहा. 'मागून हाक मारली तर बरेचदा वळत नाही. समोर जाऊन बोललं की लगेच ऐकतो. हवं ते मागताना एक-दोनच शब्द वापरतो.' साडेचार वर्षांच्या मुलाबद्दल इतकं पुरेसं बोलकं आहे.

पहिली शंका कानांची घ्या. या वयात सर्दीनंतर कानाच्या पडद्याआड पाणी साचणं नेहमीचं आहे. दुखत नाही, ताप नसतो, पण ऐकू कमी येतं, आणि तेही एक दिवस बरं, एक दिवस कमी. त्यामुळे मोठ्यांना वाटतं की मुद्दाम दुर्लक्ष करतोय. ज्याला सूचना अर्धवट ऐकू येते आणि 'मला दे' म्हणायला शब्द सापडत नाहीत, त्याचा हात आधी उठतो. म्हणून मेसेजमध्ये एवढंच मागा : 'कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून एकदा ऐकण्याची तपासणी करून घ्याल का? काही नसेल तर ती शंका मिटेल.' कानांचं नाव ऐकून पालक सहसा दुखावत नाहीत. कान ठीक निघाले आणि बोलणं तेवढंच राहिलं, तर पुढची पायरी बालरोगतज्ज्ञांची. ते गरज वाटल्यास वाचा-उपचारांकडे पाठवतात. सरकारी आणि अनुदानित शाळांत किंवा अंगणवाडीत असाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांच्यापुढे या मुलाचं नाव आधीच काढून ठेवा.

प्रश्न : ज्या मुलीला मार बसला तिच्या आईने वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलंय, 'कोण आहे तो मुलगा? काढा त्याला वर्गातून.' सगळे उत्तराची वाट बघतायत. (वाशी)

ग्रुपवर एकच ओळ : 'याबद्दल मी तुमच्याशी थेट बोलते, पाच मिनिटांत फोन करते.' आणि खरोखर पाच मिनिटांत करा. फोनवर तिच्या मुलीबद्दल सगळं सांगा : काय झालं, कुठे लागलं, तेव्हा तुम्ही काय केलं, उद्यापासून दोघांच्या जागा कशा वेगळ्या ठेवणार. त्या मुलाचं नाव सांगू नका. मुलीने घरी ते कधीच सांगितलेलं असेल, तरी तुम्ही दुजोरा द्यायचा नाही. 'तुमच्या मुलीबद्दलही मी दुसऱ्या कुणाला असं सांगणार नाही,' एवढं म्हटलं की बहुतेक आया थांबतात. ज्या थांबत नाहीत त्यांना मुख्याध्यापकांची वेळ घेऊन द्या. आणि त्या मुलाच्या आईलाही लगेच फोन करा. ग्रुप ती पण वाचतेय.